झाकून मायक्रोवेव्हमध्ये मासा: पूर्ण पॉवर की निम्मी?

पहिलीच_वेळ: रावसाचे काटे काढलेले दोन जाड तुकडे, मिळून 400 ग्रॅम, हिरवं वाटण लावून 800 वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये झाकून ठेवले. पूर्ण पॉवर, 3 मिनिटं. शेपटीकडचा भाग चामट झाला, जाड भाग मधे कच्चा. पॉवर कमी करू की वेळ वाढवू?

खाडीकाठ: पॉवर अजिबात कमी करू नका. मासा रेंगाळला की पाणी सोडतो. मी बासा नेहमी पूर्ण पॉवरवरच करतो, दीड मिनिटात एक तुकडा मस्त होतो.

मासळीबाई: बासाचं पटतं, तो जेमतेम एक सेंटीमीटर जाड. रावस अडीच. लहरी एक-दोन सेंटीमीटर आत जाईपर्यंत बऱ्याचशा विरतात, मधला गर बाहेरच्या उष्णतेवर शिजतो, आणि तिला आत सरकायला वेळ लागतो. 50 टक्क्यांवर बहुतेक यंत्रं काही सेकंद चालू, काही सेकंद बंद राहतात. त्या बंद वेळात कडा जळत नाहीत आणि मध्य गरम होत राहतो.

म्हणून तुमच्याच तुकड्यांना 50 टक्क्यांवर 6 मिनिटं द्या. वीज तेवढीच, फक्त सावकाश. जाड बाजू ताटलीच्या कडेला, शेपटीचं टोक खाली दुमडून. झाकण किंचित उघडं ठेवा, नाहीतर वाफ कोंडून वाटण उडतं. 3 मिनिटांनी ताटली फिरवा, शेवटी झाकूनच 2 मिनिटं राहू द्या. काट्याने सर्वांत जाड जागा उघडून बघा: काचेसारखी झाक गेली, पाकळ्या सुटल्या की झालं. थर्मामीटर असेल तर 63 अंश. कडेला दह्यासारखे पांढरे थेंब आले तर जास्त झालं.

सुरमईप्रेमी: आम्ही तुकड्या 200 अंशावर 15 मिनिटं ठेवतो, रवा लावून. छान कुरकुरीत होतात.

मासळीबाई: ते कन्व्हेक्शन, म्हणजे भट्टीचं काम. इथे झाकणाखाली वाफ आहे, रवा लगदा होईल.

पहिलीच_वेळ: मासा फ्रीझरमधून काढून तासभरच बाहेर ठेवला होता. त्यामुळे?

मासळीबाई: मग मोठं कारण तेच! बर्फ लहरी फारशा शोषत नाही, पाणी शोषतं. बाहेरचा सुटलेला भाग शिजला, मधला तसाच राहिला. रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्या.

खाडीकाठ: म्हणजे दोष पॉवरचा नव्हता! पूर्ण सुटलेला रावस मी पूर्ण पॉवरवर 2 मिनिटं आणि मग 5 मिनिटं झाकून ठेवून करेन. निम्म्या पॉवरवर ताटलीत पाणी साचतंच.

मासळीबाई: पाणी मीठ आधी लावल्यामुळेही सुटतं. मीठ ऐनवेळी लावा. 2 मिनिटांत मध्य 63 वर पोचेल असं मला वाटत नाही, पण करून बघा आणि काट्याने उघडून सांगा.

पहिलीच_वेळ: रविवारी एक तुकडा असा, एक तसा करते. एकटा तुकडा असेल तर दोन्ही वेळा निम्म्या करायच्या का?

मासळीबाई: निम्म्याहून थोड्या जास्त. 50 टक्क्यांवर साडेतीन मिनिटांनी पहिला काटा घाला.