मसाला कुणाचा, त्यावर मालिका

«नुसता स्वयंपाकघरातला एक प्रसंग सांगून मालिका ओळखता येते का?»

पदार्थावरून नाही, पण तो कोण करतंय आणि कुणासाठी, एवढं कळलं की येते. पुरणपोळी सगळ्याच मालिकांत असते, तिच्यावरून काय ओळखणार! आमच्या इंदूरच्या भिशीत हा खेळ चालतो, त्यात हमखास घोळ होतो तो ‘घरगुती खाद्यपदार्थांचा धंदा’ या खुणेवर.

‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३) मध्ये गोखले गृहउद्योग आधीपासून उभा आहे, आईआजीने वाढवलेला. जान्हवी बँकेत नोकरी करते आणि त्या घरात सून म्हणून येते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६) मध्ये उलट. राधिका नागपूरकडची, हाताला चव असलेली, आणि नवरा दुसरीकडे गुंतल्यावर तिच्या घरच्या मसाल्याचा धंदा होतो. म्हणजे धंदा सुनेच्या आधीचा की तिने उभारलेला, एवढं विचारा, उत्तर मिळतं. आणि व्यावसायिक शेफ पुरुष असून ओट्याशी राबणारी विधवा सासू असेल, तर ती ‘अग्गंबाई सासूबाई’.

जेवणाच्या टेबलावरून मात्र ओळखायला जाऊ नका. तिथे कुणी जेवतच नाही. एकच संवाद अनेकदा चित्रित होतो, खरंच जेवले तर प्रत्येक वेळी ताट पुन्हा तसंच भरावं लागेल. म्हणून घास मोडतात, हातात धरतात आणि भांडतात. वाटीतली आमटी बघा, एका शॉटमध्ये अर्धी, पुढच्यात काठोकाठ. आमच्याकडे पोह्यांवर शेव-जिरावण पडल्यावर एवढा वेळ कोण थांबेल?