मदत हवी आहे: पाचवी कंपनी काढायला सीएस नको म्हणतात, का?

हळदीचा_धंदा: सांगलीत आमच्या घरच्या कंपन्या आहेत, एकाखाली एक. आता सर्वात खालच्या कंपनीतून मसाल्याची नवी कंपनी काढायची आहे, बाहेरचा भागीदार 40 टक्के देतोय. आमचे कंपनी सेक्रेटरी, म्हणजे सीएस, म्हणतात, 'थर जास्त होतात', आणि पुढं फोनच उचलत नाहीत. भागीदार सोमवारी येतोय. कोणता नियम आहे हा? लवकर सांगा.

बेदाणा_तासगाव: तो कंपनी कायद्यातल्या कलम 186 चा नियम. फक्त गुंतवणूक कंपन्यांच्या थरांवर बंधन आहे. तुम्ही हळद दळता, तुम्हाला काय त्याचं? बिनधास्त काढा.

कृष्णाकाठ: थांबा, बेदाणाभाऊ. कलम 186 आहेच, पण तो वेगळा विषय. इथं कलम 2(87), म्हणजे उपकंपनीची व्याख्या, आणि 2017 चे थरांचे नियम लागतात. ते 20 सप्टेंबर 2017 ला आले. बँका, विमा कंपन्या, मोठ्या एनबीएफसी आणि सरकारी कंपन्या सोडल्या तर प्रायव्हेट कंपन्याही त्यात येतात. हळदवाले, कोणाचे किती टक्के ते लिहा. त्याशिवाय काही सांगता येत नाही.

हळदीचा_धंदा: सगळं घरचंच आहे हो. कुपवाडची मूळ कंपनी, तिची कोल्ड स्टोरेज कंपनी 100 टक्के. कोल्ड स्टोरेजचे पॅकिंग कंपनीत 60. पॅकिंगचे एक्स्पोर्ट कंपनीत 51, ती 2021 ला काढली. नवी एक्स्पोर्टच्या खाली, 60 टक्के.

कृष्णाकाठ: मग मोजू. मूळ कंपनीखाली एकाखाली एक अशा उपकंपन्यांचे दोनच थर चालतात. संपूर्ण मालकीच्या कंपनीचा एक थर मोजत नाहीत, म्हणून कोल्ड स्टोरेज सुटली. पॅकिंग पहिला, एक्स्पोर्ट दुसरा. मसाल्याची तिसरी होते, तिथं अडलं. तीच नवी कंपनी कोल्ड स्टोरेजनं किंवा मूळ कंपनीनं थेट 60 टक्के घेऊन काढली तर ती पहिल्याच थरात बसते. भागीदाराला काय फरक पडतो?

साखरपट्टा: आमच्या सहकारी कारखान्याचे एका डिस्टिलरी कंपनीत शेअर आहेत. आम्हालाही हे लागतं का? कुणी तरी सांगा, एजीएममध्ये विचारतात सभासद.

कृष्णाकाठ: सहकारी संस्था या कायद्याच्या 'बॉडी कॉर्पोरेट'च्या व्याख्येतून वगळली आहे. तुम्ही वेगळा धागा काढा, इथं गोंधळ होईल.

मिरज_वकील: मला एकच विचारायचंय. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन सभासद लागतात. मग कोल्ड स्टोरेज 100 टक्के कशी? दुसरा शेअर कोणाच्या नावावर आहे?

हळदीचा_धंदा: अण्णांच्या नावावर एक शेअर आहे. एका शेअरनं काय होतंय?

मिरज_वकील: तोच तर सगळा घोळ आहे. अण्णा तो शेअर मूळ कंपनीच्या वतीनं धरतात असं जाहीर करून एमजीटी-6 हा फॉर्म भरला असेल तर ठीक. तो शेअर खरोखर अण्णांचा स्वतःचा असेल, तर कोल्ड स्टोरेज संपूर्ण मालकीची नाही आणि तिची सवलत जाते. मग कोल्ड स्टोरेज, पॅकिंग, एक्स्पोर्ट असे तीन थर 2021 पासूनच आहेत. नवी कंपनी राहू द्या, आधीचं काय ते बघा.

हळदीचा_धंदा: एमजीटी-6 काय ते मला आठवत नाही. मागच्या तारखेचा कागद करून टाकू का?

कृष्णाकाठ: अजिबात नको. अण्णा मूळ कंपनीसाठी धरत होते असा त्या वेळचा पुरावा असेल, म्हणजे पैसे कंपनीच्या खात्यातून गेले, ठरावात नोंद आहे, तर उशिराचं शुल्क भरून खरं तेच जाहीर करा. शेअर खरंच त्यांचा असेल, तर आजच्या तारखेनं मूळ कंपनीनं तो विकत घ्यावा आणि मग कोणाच्या तरी नावानं धरावा. नियमांत दंड 10,000 पर्यंत आणि चूक चालू असेपर्यंत रोज 1,000 पर्यंत आहे. मोठा वाटत नाही, पण दिवस मोजून बघा.

बेदाणा_तासगाव: त्यापेक्षा सोपं सांगतो. पॅकिंग कंपनीनं मूळ कंपनीचे 10 टक्के शेअर घ्यावेत. पैसा घरातच फिरतो, बँकेत ताळेबंदही चांगला दिसतो. आमच्या पाहुण्यांनी केलंय.

मिरज_वकील: पाहुण्यांना लगेच कळवा मग. उपकंपनीला आपल्या वरच्या कंपनीचे शेअर धरता येत नाहीत. कलम 19 प्रमाणे असं वाटप किंवा हस्तांतर रद्दबातलच. कंपनी उपकंपनी होण्याआधीच शेअर असतील तर राहू शकतात, पण त्यावर मत देता येत नाही. आणि ताळेबंद एकत्र केला की घरात फिरलेला पैसा आपोआप गळून पडतो. बँकेलाही ते दिसतं.

बेदाणा_तासगाव: पाहुण्यांच्या सीएनंच सांगितलं होतं, म्हणून म्हटलं.

हळदीचा_धंदा: अण्णांना विचारलं. म्हणाले, 'शेअर माझाच, दहा रुपये मी दिलेत.' ते दहा रुपये रोख दिले होते. सीएसना आता परत फोन लावतो. सोमवारी भागीदाराला कोल्ड स्टोरेजच्या खालची कंपनी म्हणून सांगू का, की एवढं मिटल्यावर?

मिरज_वकील: कोल्ड स्टोरेज संपूर्ण मालकीची नसली तरी तिच्याखालची नवी कंपनी दुसऱ्या थरात बसते, तिची काळजी नाही. 2021 पासूनचं कसं मिटवायचं ते मात्र सीएस तुमची कागदपत्रं बघूनच ठरवतील. भागीदाराला आधी सांगा. नंतर त्याच्या वकिलानं शोधून काढलं तर वाईट दिसेल.