एकट्या कॅंडलवरून कोण जिंकलं ते कळतं का? निफ्टी, ४ जून २०२४

रोजमेळ: लोकसभेच्या निकालाचा दिवस, निफ्टीची डेली कॅंडल बघा. ओपन २३,१७९, लो २१,२८१, क्लोज २१,८८४. खालची विक ६०० पॉइंटची. एवढी लांब विक म्हणजे शेवटी खरेदीवाल्यांनीच बाजी मारली, असं माझं मत. पटतं का?

तेजीमंदी: नाही. वर विकच नाही हे का सोडलंत? ओपन तोच हाय, म्हणजे पहिल्या भावाच्या वर दिवसभरात एकदाही जाता आलं नाही. नुसती विक लांब दिसून भागत नाही, ती बॉडीशेजारी ठेवून बघायची. इथे लाल बॉडी जवळपास १,३०० पॉइंटची आहे. १,९०० पॉइंट पडझडीतले ६०० परत आले आणि क्लोज निम्म्याच्याही खालीच राहिला. पडझड थोपवली म्हणा, बाजी मारली कसली?

शिकाऊ: मी तर रंगच बघतो. लाल म्हणजे विकणारे जिंकले, हिरवी म्हणजे घेणारे. एवढं डोकं कशाला चालवायचं?

तेजीमंदी: मग आदल्या दिवसाची, ३ जूनची काढा. एक्झिट पोलनंतरचा सोमवार. निफ्टी ७३३ पॉइंट वर बंद, आणि कॅंडल लाल! रंग त्या दिवसाच्या ओपनवरून ठरतो, आदल्या क्लोजवरून नाही. बाजार उघडलाच ८०० पॉइंट वर, नंतर थोडा घसरला. बॉडी जेमतेम ७४ पॉइंटची. खरेदीवाल्यांचा सगळा जोर गॅपमध्ये, आणि गॅप कॅंडलच्या आत दिसत नाही.

कोल्हापुरी६४: माझ्या एका स्मॉलकॅपमध्ये कुणीतरी मोठी मार्केट ऑर्डर मारली. समोर खरेदीला माणूसच नाही, भाव क्षणात १२ टक्के खाली जाऊन परत. त्यात माझा स्टॉपलॉस उडाला. याची तक्रार कुठे करायची?

तेजीमंदी: त्याला वेगळा धागा काढा दादा. पण अशा विकमध्ये झुंज वगैरे काही नसते, दोनचार सौदे असतात. त्या वेळचा व्हॉल्यूम बघा, लगेच कळेल.

रोजमेळ: ते स्मॉलकॅपचं झालं, निफ्टीत तसं होत नाही. आणि ५ जूनला निफ्टी ७३५ पॉइंट वर बंद झाला! माझी विक बरोबरच सांगत होती.

तेजीमंदी: ५ तारखेला मित्रपक्षांचा पाठिंबा पक्का झाल्याची बातमी होती, ती आदल्या दिवशीच्या विकमध्ये कुठून येणार? शिवाय त्या ६०० पॉइंटांत नवी खरेदी किती आणि शॉर्ट कापणारे किती? दोघेही खरेदीच करतात, पण शॉर्टवाला सौदा कापून घरी जातो, दुसऱ्या दिवशी टेकू द्यायला तो नसतो. लो अकराला आला की तीनला, तेही या कॅंडलमधून कळत नाही. पंधरा मिनिटांचा चार्ट उघडा.

रोजमेळ: उघडला. तिथेही प्रत्येक कॅंडलला विक आहेच की, मग तिच्यासाठी पाच मिनिटांचा उघडू?