शब्दचर्चा : वाफ पात्यांवर ‘आदळते’ की पात्यांतून ‘वळते’?

विज्ञानवाट
सोलापूरजवळच्या औष्णिक केंद्रात (आहेरवाडी-फताटेवाडीकडचे, प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच) वीज कशी तयार होते, यावर नववीच्या मुलांसाठी मराठीत तक्ता करते आहे. माझं वाक्य असं आहे : ‘उच्च दाबाची वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळते आणि टर्बाइन फिरते.’ शाळेतल्या एका सरांनी ‘आदळते’ला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, ‘वाफेच्या प्रसरणामुळे फिरते’ असं लिहा. पण प्रसरण म्हटलं की मुलांना तापलेला रूळ आठवतो. शिवाय इंपल्स आणि रिअ‍ॅक्शन टर्बाइनला ‘आघात’ आणि ‘प्रतिक्रिया’ हे शब्द बरोबर आहेत का?

जुनालोको
ताई, ‘ढकलते’ लिहा. कोळशाच्या इंजिनात दट्ट्याच्या मागं वाफ भरायची, ती फुगायची आणि दट्ट्या पुढं सरकायचा. टर्बाइनमध्ये दट्ट्याच्या जागी पाती आली, बाकी तत्त्व तेच. एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणून पातं सरकतं.

पाळीप्रमुख
दट्ट्याबद्दल तुमचं बरोबर आहे. टर्बाइनच्या बाबतीत ते निम्मं लागू पडतं, आणि कुठलं निम्मं ते कळलं की ताईंचे शब्दही ठरतात.

स्थिर नोझल आणि त्यापुढची फिरती पाती मिळून एक पायरी होते. इंपल्स पायरीत फिरत्या पात्याच्या अलीकडे आणि पलीकडे दाब जवळजवळ सारखाच असतो. दाबाचं काम त्याआधीच, न फिरणाऱ्या नोझलमध्ये संपलेलं असतं. नोझल हा शब्द बदलू नका, फवारणी पंपामुळे तो घरोघरी पोचला आहे. त्या अरुंद वाटेत वाफ दाब सोडते, फुगते, थोडी थंड होते आणि त्या बदल्यात वेग घेते. म्हणजे प्रसरण होतं ते इथे. फिरत्या पात्याच्या वाट्याला येतो तो वेगवान झोत.

आता ‘आदळते’ का नको, ते आकड्यांत बघू. एका पायरीत किलोमागे ५० किलोज्यूल ऊर्जा वेगात बदलली, तर झोताचा वेग सेकंदाला ३१६ मीटर येतो. झोत चाकाच्या प्रतलाशी साधारण १८ अंशांनी तिरका सोडतात, त्यामुळे फिरण्याच्या दिशेने त्यातले ३०० मीटर मिळतात. सुमारे ९५ सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पातं स्वतः १५० मीटर वेगाने पळत असतं. म्हणजे पात्याच्या नजरेने वाफ मागून १५० ने येते.

पातं सपाट फळीसारखं असतं, तर वाफ त्यावर आदळून थबकली असती आणि पात्याबरोबर १५० ने वाहत गेली असती. वेगातला बदल १५०. सेकंदाला एक किलो वाफ धरली, तर बल १५० न्यूटन आणि शक्ती २२.५ किलोवॅट.

खरं पातं आडवं कापलं तर चंद्रकोरीसारखं दिसतं. वाफ एका टोकाने जवळजवळ घासत आत येते, पोटातून वळते आणि दुसऱ्या टोकाने मागच्या दिशेला १५० ने निघते. पातं पुढे १५० ने, वाफ त्याच्या मागे १५० ने, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला त्या दिशेत तिचा वेग शून्य दिसतो. बदल पूर्ण ३०० चा. बल ३०० न्यूटन, शक्ती ४५ किलोवॅट. उरलेले पाचेक किलोवॅट वाफेला पुढच्या पायरीकडे नेण्यात असतात. घर्षण आणि गळती इथे धरलेली नाही.

म्हणजे ‘आदळते’ लिहिलं, तर तुम्ही निम्म्या शक्तीचं यंत्र रंगवलंत. ‘झोत पात्यांतून वळतो’ असं लिहा.

मंगळवेढेकर
मूळ प्रश्न टर्बाइन शब्दाचा आहे ना? तो लॅटिन ‘टर्बो’वरून आला. त्याचा अर्थ गरगर फिरणारी वस्तू : खेळण्याचा भोवरा, वावटळ, पाण्यातला भोवराही. फ्रान्समध्ये क्लोद ब्यूर्दँ यांनी १८२२ मध्ये तो पाणचक्कीसाठी योजला, वाफेच्या यंत्राला पुढे लागला. लॅटिनचे दोन अर्थ आपल्या एकट्या ‘भोवरा’ शब्दात बसतात, हे मला फार आवडतं. तक्त्यावर ‘वाफभोवरा’ लिहायला काय हरकत आहे? आणि लिंग काय धरायचं? मी ‘ते टर्बाइन’ म्हणतो, पण ‘ती टर्बाइन’ही ऐकू येतं.

विज्ञानवाट
वाफभोवरा गोड आहे, पण मुलं केंद्रावर गेली की तिथे कुणाला कळणार नाही. ‘ते टर्बाइन’ ठेवते. मूळ प्रश्न मात्र पात्यांचाच होता. पाळीप्रमुख, अजून एक. वाफ एकाच नोझलमधून सगळा दाब का सोडत नाही? एका मोठ्या झोतात काम झालं असतं, इतक्या पायऱ्या कशाला?

पाळीप्रमुख
आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत चालतो तसा संच घ्या. वाफ चौरस सेंटिमीटरला ६७ किलोच्या दाबाने, ४९० अंशांना आत येते आणि दीड किलोच्या दाबाने रस आटवायला बाहेर जाते. या उतारात आदर्श स्थितीत किलोमागे सुमारे ७७५ किलोज्यूल निघतात. सगळा उतार एकाच नोझलमध्ये केला, तर झोत सेकंदाला जवळजवळ १२५० मीटरने निघेल. पातं झोताच्या निम्म्या वेगाने पळालं तरच वाफ सगळं देऊन जाते, म्हणजे पात्याला ६०० च्या वर मीटर हवेत. ३००० फेऱ्यांना त्यासाठी जवळपास चार मीटर व्यासाचं चाक लागेल, आणि पाती मुळाशी उपटायला बघतील. दे लाव्हाल यांनी १८८० च्या दशकात एकाच चाकावर हे केलं, तेव्हा त्यांना मिनिटाला ३०,००० च्या घरात फेरे घ्यावे लागले. पार्सन्स यांनी १८८४ मध्ये उतार अनेक पायऱ्यांत वाटला. पन्नास-पन्नासच्या पायऱ्या केल्या तर आपल्या उदाहरणात पंधरा-सोळा होतात. पहिल्या पायरीला तापमान फक्त वीसेक अंशांनी उतरतं.

‘प्रसरण’ मुलांना दाखवायचं तर पात्यांची उंची दाखवा. आत शिरताना एक किलो वाफ ०.०५ घनमीटर जागा घेते, बाहेर पडताना ०.७ च्या आसपास. चौदापट. म्हणून पुढची पाती बोटाएवढी आणि मागची कितीतरी उंच. वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरपर्यंत जाणाऱ्या मोठ्या संचात तर शेवटचं पातं माणसाच्या कमरेएवढं असू शकतं.

बॉयलरहाऊस
पाळीप्रमुख, हे चाललंय ते चांगलंय, पण एक इचारू का? आमच्या कारखान्यात १२ मेगावॅट घेणारा संच साडेदहावर अडतोय. व्हॉल्व्ह पूर्ण उघडे. व्हील चेंबर प्रेशर, म्हणजे पहिल्या चाकानंतरच्या कप्प्यातला दाब, ३८ होतं ते ४३ दाखवतंय. फिरत्या आसाचा रेटा झेलणाऱ्या थ्रस्ट पॅडचं तापमान पण आठ अंशांनी चढलंय. काही जण म्हणतात वाफ कमी-जास्त करणारा गव्हर्नर बिघडला.

पाळीप्रमुख
गव्हर्नर व्हॉल्व्ह पूर्ण उघडतोय, म्हणजे तो सांगितलेलं करतोय. व्हॉल्व्ह किंवा आधीची जाळी तुंबली असती, तर व्हील चेंबरचा दाब उतरला असता. तुमचा चढलाय आणि वाफ आधीपेक्षा कमी जातेय. म्हणजे अडथळा चेंबरच्या पुढे, पात्यांच्या वाटेत आहे. पात्यांवर पुटं चढली असावीत. थ्रस्टचं तापमानही तेच सांगतं : वाट आवळली की पुढचा-मागचा दाबाचा फरक वाढतो आणि रोटर एका बाजूला जास्त रेटला जातो. गेज मात्र आधी तपासून घ्या.

कारखान्यात बहुतेक वेळा याचं मूळ परत येणाऱ्या कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यात असतं. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरची नळी फुटली की रस त्यात मिसळतो, बॉयलरला फेस येतो आणि क्षारांचे थेंब वाफेबरोबर टर्बाइनपर्यंत येतात. पाण्यातली साखर दाखवणारी अल्फा-नॅफ्थॉलची चाचणी दर पाळीला होतेय का पाहा. जांभळं वलय दिसलं तर ते पाणी बॉयलरला द्यायचं नाही. विरघळणारे क्षार असतील तर कमी फेऱ्यांवर, वाफेचं तापमान हळूहळू उतरवून धुता येतं, पण ते यंत्र बनवणाऱ्याच्या पद्धतीनेच. चालत्या लोडवर ओली वाफ सोडणं म्हणजे पाती मोडायला बोलावणं. सिलिका बसली असेल तर ती पाण्याने निघत नाही, केसिंग उघडावं लागतं.

बॉयलरहाऊस
चाचणी होते, पण रात्रपाळीची नोंद वहीत कोरी आहे. आज बघतो. आमच्याकडं याला ‘पुटं’ न म्हणता ‘स्केल बसलं’ म्हणतात.

जुनालोको
मग माझं दाबाचं निम्मं बरोबर कुठं?

पाळीप्रमुख
रिअ‍ॅक्शन पायरीत. तिथे फिरत्या पात्यांमधली वाटही पुढे अरुंद होत जाते. वाफ त्यांच्यातही दाब सोडते, साधारण निम्मा स्थिर पात्यांत आणि निम्मा फिरत्या पात्यांत. फिरत्या पात्याच्या दोन बाजूंना दाबाचा फरक असतो तो तिथे. त्यातला रेटा आसाच्या दिशेने पडतो, तो थ्रस्ट बेअरिंगला सोसावा लागतो. चाक फिरतं ते तिथेही वाफ वळल्यामुळे आणि मागे वेगाने सुटल्यामुळेच.

म्हणून ताई, इंपल्सला ‘आघात’ नको, त्यात पुन्हा आदळणं आलं. ‘आवेग’ घ्या, म्हणजे संवेगातला बदल, आणि संवेग मुलांना नववीच्या पुस्तकात भेटलेला असतो.

मंगळवेढेकर
आवेग मान्य. ‘प्रतिक्रिया टर्बाइन’ मात्र मला पटत नाही. आज प्रतिक्रिया म्हणजे बातमीखाली लोक लिहितात ते. ‘प्रतिबल’ म्हणा.

पाळीप्रमुख
प्रतिबल वाचून पदार्थाच्या आतला ताण आठवेल, स्ट्रेसला तोच शब्द चालतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमात ‘प्रतिक्रिया बल’ शिकवतातच.

मंगळवेढेकर
तरी ‘प्रतिक्रिया’ एकट्याने उभा राहत नाही, हे माझं मत कायम.

कांडीवाली
रोटरला कुणीच शब्द सुचवला नाही. चरख्यावर जी फिरते ती चाती. यंत्रमागाच्या या गावात ‘चाती’ म्हटलं की आसाभोवती फिरणारी वस्तू लगेच डोळ्यांपुढे येते.

पाळीप्रमुख
चाती बारीक सळईसारखी असते. रोटर म्हणजे आस आणि त्यावरची सगळी चाकं. मुलांना ओळख करून द्यायला चाती चालेल, चित्रावर नाव रोटरच लिहावं.

विज्ञानवाट
वाक्य असं केलंय : ‘उच्च दाबाची वाफ नोझलमध्ये दाब सोडते आणि वेग घेते. हा झोत रोटरवरच्या वक्र पात्यांतून वळतो, वळताना पात्यांना पुढे रेटतो आणि टर्बाइन फिरते.’ खाली चंद्रकोरीसारख्या पात्याचं चित्र, आत येणारा आणि बाहेर जाणारा बाण. ‘प्रतिक्रिया’ तूर्त कंसाशिवाय ठेवते.

बॉयलरहाऊस
इव्हॅपोरेटरच्या तिसऱ्या बॉडीच्या कंडेन्सेटला जांभळं वलय आलं. ती लाइन तोडून पाणी बाहेर सोडलंय. नळ्या तपासायला घेतोय.