मदत हवी आहे: ४०० जणांच्या कॅन्टीनसाठी भाजीवाल्याला आठवड्याच्या ऑर्डरचा ईमेल, किलोचं गणित कुठे चुकतंय?

नवा_मुदपाकवाला

नमस्कार मंडळी. चाकणला एका कंपनीचं कॅन्टीन बघतो, तीन महिने झाले, त्याआधी स्टोअरला होतो त्यामुळे नटबोल्ट मोजायची सवय, भाजीची नाही. दुपारचं जेवण रोज ४००. सुट्टी गुरुवारी, म्हणजे शुक्रवार ते बुधवार सहा दिवस. भाजीवाला मार्केट यार्डातून माल उचलून पहाटे सहापर्यंत गेटवर आणून देतो. आधी सगळं फोनवर चालायचं पण आता अकाउंट्सवाले म्हणतात की ऑर्डर ईमेलनेच हवी, नाहीतर चलन आणि बिल जुळत नाही.

गेल्या शुक्रवारी फ्लॉवर-बटाटा होता. आधीच्या मॅनेजरच्या वहीत माणशी ११० ग्रॅम कच्ची भाजी असं लिहिलंय, म्हणजे ४४ किलो, म्हणून मी मेलमध्ये असं लिहिलं होतं:

"शुक्रवार: फ्लॉवर ३० किलो, बटाटा १४ किलो. माल चांगला असावा. वेळेवर पाठवावे."

माल वेळेवर आला, काट्यावर ३० आणि १४ बरोबर भरला, मी सही केली. आणि दीड वाजता भाजी संपली!! शेवटच्या साठेक लोकांना डाळ-भात आणि लोणचं वाढलं. एचआरकडून जे ऐकायचं ते ऐकलं. भाजीवाला म्हणतो साहेब मी तर जोखून दिलंय. बरोबरच आहे त्याचं. मग चुकलं कुठे आणि मेल लिहायचा कसा? जमलं तर कोणी नमुना द्या.

खानावळ_काकू

अरे बाळा माझी नाशिकला मुलांची मेस आहे, ३० पोरं. मी कधी किलोबिलो लिहीत नाही, बाजारात जाते, डोळ्याने बघते, दोन गड्ड्या जास्तच घेते. उरली तर संध्याकाळी पराठे. तू पण दुपारची उरलेली भाजी संध्याकाळी फिरवत जा, तुटवडा पडणारच नाही.

नवा_मुदपाकवाला

काकू आमच्याकडे संध्याकाळचं जेवण नाहीये हो, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी वाढायला सक्त मनाई आहे. उरलं की थेट डुकरांच्या पिंपात.

हिशेबी_माणूस

सोपं आहे. माणशी पाव किलो धरायचं, ४०० गुणिले २५० ग्रॅम म्हणजे रोज १०० किलो. आमच्या हॉस्टेलला दहा वर्षं हाच हिशेब आहे, कधी कमी पडलं नाही. तुम्ही ४४ किलोच मागवलंत, कमी पडणारच.

भटारखाना२५

हिशेबीदादांचा आकडा चुकीचा नाही पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. भाजी, डाळीतला टोमॅटो, फोडणीचा कांदा, कोशिंबिरीची काकडी, कोथिंबीर सगळं मिळून दिवसाला शंभरच्या आसपास जातं हे खरंय. आठवड्याचं बिल आलं की ताळा करायला हा आकडा झकास. पण त्यातले फ्लॉवर किती आणि कांदा किती हे त्यावरून कळत नाही, आणि भाजीवाल्याला तर तेच लिहून द्यायचंय.

आता मूळ मुद्दा. नवीनसाहेब, तुमच्या वहीतले ११० ग्रॅम बरोबर आहेत, पण ते चिरून कढईत पडणाऱ्या भाजीचं वजन आहे. तुम्ही तेच वजन बाजारातल्या मालाचं म्हणून लिहिलंत. फ्लॉवरचा पाला, मधला जाड दांडा, किडका भाग काढला की १० किलोतले साधारण ६ किलो हाती लागतात. तुमचे ३० चे १८ झाले असणार. बटाटा सोलून १४ चा १२. झाले ३० किलो, आणि हवे होते ४४. म्हणजे ११० ग्रॅमच्या डावाने वाढलं असतं तर २७५ ला सुद्धा जेमतेम पुरलं असतं. वाढणाऱ्याने तळ दिसायला लागल्यावर हात आखडला असेल म्हणून साठावर निभावलं, त्याला चहा पाजा.

म्हणून उलटं जायचं. आधी कढईत किती हवं ते ठरवायचं आणि त्याला हाती लागणाऱ्या भागाने भागायचं. २८ किलो फ्लॉवर हवा तर २८ भागिले ०.६, म्हणजे ४७ किलो मागवा. १६ किलो बटाटा हवा तर साडेअठरा, १९ लिहा. प्रत्येक भाजीचा भाग वेगळा. कोबी, दुधी, भेंडी यांच्यात दहातलं एक-दीड किलो जातं, लाल भोपळ्यात बिया-साल धरून दोनच्या वर, आणि मेथी निवडली की निम्मी. हिवाळ्यात मटार शेंगेत घेतलात तर निम्म्याहून जास्त टरफलं. माझे आकडे आंधळेपणाने घेऊ नका, आठवडाभर चिरण्याआधी आणि चिरल्यावर वजन करून वहीत लिहा, तुमच्या बायका दांडा किती कापतात यावर पण फरक पडतो.

अजून एक, कोबी आणि पालेभाजी शिजून बसते. कढईत ४४ किलो कोबी घातला तरी डाव भरत नाही, मी ४८ धरतो. आणि आता श्रावण लागतोय! तुमच्याकडे आठवड्यातून एकदा अंडाकरी असेल तर त्या दिवशी निम्मी जनता भाजीकडे वळेल, गेल्या वर्षीची कुपनं बघा.

गाळ्यावरचा

मी समोरच्या बाजूचा आहे, कॅन्टीनना माल पुरवतो. खरं सांगू, "माल चांगला असावा" या वाक्याचा आम्हाला काडीचा उपयोग नाही. आमच्या दृष्टीने सगळाच चांगला असतो 😄 असं लिहा की फ्लॉवर पाला कापलेला, गड्डा घट्ट पांढरा. पाला कापून हवा तर भाव दोन पैसे जास्त लागेल पण तुमचं नुकसान कमी. दुधी हातभर कोवळा, नखाने साल टोचली जाते असा. भेंडी मोडून तुटणारी. असं लिहिलं की आमचा पोरगा पण गाळ्यावर तसाच बघून उचलतो.

दुसरं, वजन क्रेटसकट का क्रेट वगळून ते लिहा. रिकामा क्रेट दीड-दोन किलोचा असतो, दहा क्रेट आले की बघा किती गेले. आम्ही वगळूनच देतो पण सगळे देत नाहीत.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मार्केट यार्ड शनिवारी बंद असतं. तुम्ही शनिवारी पालेभाजी मागितली तर ती शुक्रवारचीच असणार, कोणी काही म्हणो. रविवारी आवक सगळ्यात मोठी. मेनू ठरवणाऱ्याला हे सांगा, शनिवारी दुधी, भोपळा असला टिकाऊ माल ठेवा आणि मेथी सोमवारी.

नवा_मुदपाकवाला

हे शनिवारचं मला कोणी सांगितलंच नव्हतं, आमची मेथी शनिवारीच असते आणि दर शनिवारी पिवळी पानं काढत बसतो 🤦 मेनू बदलतो. नवीन मेल असा लिहिलाय, बघा जरा:

"विषय: भाजी ऑर्डर, शुक्रवार ते बुधवार, ४०० जेवणं

नमस्कार, खालील सर्व वजनं क्रेट व गोणी वगळून, न निवडलेल्या मालाची आहेत. पोच रोज सकाळी ६ पर्यंत, वजन आमच्या गेटच्या काट्यावर.

शुक्रवार: फ्लॉवर ४७ किलो (पाला कापलेला, घट्ट गड्डा), बटाटा १९ किलो
शनिवार: दुधी ४४ किलो (कोवळा, चणाडाळ घालून करणार)
रविवार: लाल भोपळा ५६ किलो
सोमवार: मेथी ५० किलो, पोच रविवारी सकाळी ११ पर्यंत
मंगळवार: कोबी ५६ किलो
बुधवार: भेंडी ४८ किलो
कांदा १२० किलो, टोमॅटो ७२ किलो: दोन खेपांत, निम्मा शुक्रवारी व निम्मा सोमवारी. टोमॅटो निम्मे पिकलेले, निम्मे कडक.

बदल असल्यास आदल्या दिवशी दुपारी ४ पर्यंत कळवू. एखादी भाजी मिळाली नाही तर फोन केल्याशिवाय दुसरी पाठवू नये. खराब माल त्याच दिवशी १० वाजेपर्यंत कळवू, तो बिलातून वजा होईल."

पाला कापलेला असूनही भाग ०.६ च धरलाय, पहिल्यांदा कमी पडायला नको. उरलं तर पुढच्या वेळी कमी करीन.

भटारखाना२५

चांगला आहे. फक्त भाव कुठेय? आठवडाभर एकच भाव ठरला असेल तर ठीक, नाहीतर "त्या दिवशीचा बाजारसमितीचा भाव अधिक ठरलेली टक्केवारी" असं लिहा. तिथे फळभाज्यांचा भाव दहा किलोला निघतो आणि पालेभाज्यांचा शेकडा जुड्यांना, हे लक्षात ठेवा, कारण तुम्ही मेथी किलोत मागितलीय. आणि मेथी रविवारी आली की लगेच निवडून कापडावर पसरा, ढिगात ठेवलीत तर सोमवारी सकाळी आतून गरम झालेली सापडेल.

हिशेबी_माणूस

मेथी जुडीत मागवा ना, मोजायला सोपं. ४०० माणसं म्हणजे ४०० जुड्या.

गाळ्यावरचा

दादा जुडी पाव किलोची पण असते आणि अर्ध्याच्या वर पण. पावसाळ्यात बारीक होते. बाजारात आम्ही जुडीनेच घेतो पण कॅन्टीनला किलोने देतो, भांडण कमी.

नवा_मुदपाकवाला

आठवडा झाला, सांगायला आलो. फ्लॉवर ४७ आला, निवडून साडेएकोणतीस भरला, बटाट्यासकट ४५ च्या वर गेलं, भाजी सगळ्यांना पुरली आणि वर चार-पाच किलो शिल्लक राहिली. म्हणजे पुढच्या वेळी ४४ लिहून बघतो. भोपळा पण व्यवस्थित.

मेथीने मात्र घोळ केला. काट्यावर बरोबर ५० किलो, पण नुसती निथळत होती, क्रेटखाली पाणी. निवडून २१ किलोच निघाली, मूगडाळ वाढवून कशीबशी भागवली. मी म्हटलं पाण्याचे पैसे कसे देऊ, तो म्हणतो साहेब पाऊस मी पाडतो का. मी बिलातून ४ किलो कापायचं म्हणतोय, तो तयार नाही. मेलमध्ये ओल्या पालेभाजीबद्दल काही लिहिलंच नव्हतं ना.

गाळ्यावरचा

क्रेट तिरका करून अर्धा तास निथळू द्यायचा आणि मग वजन, असं काही कंपन्या लिहितात. आम्हाला आवडत नाही, गाडी अडकून पडते. पण लिहिलेलं असलं तर थांबतो. ४ किलोचं मात्र त्याच्या जागी मी असतो तर मी पण दिले नसते.

भटारखाना२५

मी तर दिले असते, दोन-दोन किलो वाटून घ्या आणि मिटवा. बाकी पावसाळ्यात मी मेथी मेनूतूनच काढतो, चवळीची उसळ लावतो.

खानावळ_काकू

चवळीला पण कांदा लागतो बरं का, तो वाढवून लिही.