अनुभव धागा: वाहक आणि हट्टी प्रवासी

वाहकाशी प्रवाशाचे खटके उडताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यातून कोणी, कसा मार्ग काढला, ते येथे लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

गेल्या जुलैत सावंतवाडीहून पणजीला एस.टी.ने निघाले होते. माझ्या पुढच्या आसनावर सत्त्याहत्तर वर्षांचे एक आजोबा होते. वाहकाने त्यांचे आधार कार्ड पाहिले, राज्याच्या हद्दीपर्यंतचे शून्य रुपयांचे तिकीट त्यांच्या हाती दिले आणि गोव्यातल्या अंतराचे पैसे मागितले. "पंचाहत्तरी ओलांडली की प्रवास फुकट, मग पैसे कसले?" असे म्हणत आजोबांनी तिकीट परत केले. बांदा येईपर्यंत हेच चालले होते. बाहेर धो धो पाऊस होता आणि मागून कोणीतरी ओरडले, "उतरवा त्यांना!"

वाहकाने दोरी ओढून बांद्याला गाडी थांबवली, तेव्हा मला वाटले, आता उतरवणारच. तो मात्र आजोबांशेजारी टेकला आणि मशीन त्यांच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "आजोबांनू, इथवरचे पैसे सरकार भरते. पुढचे राज्य दुसरे, तिथे आपली सवलत चालत नाही. मी तुमच्याकडून घेतले नाहीत तर हिशेबात माझ्यावर येतील." आजोबा बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मागे एका गाडीत सगळ्यांदेखत मला फुकट्या म्हणाले होते." त्यांनी पाचशेची नोट काढली. सुटे नव्हते, म्हणून वाहकाने बाकी तिकिटामागे लिहून दिली आणि पणजीला न मागता परत केली. त्या दिवशी मनात जुळलेली म्हण अशी: घंटीची दोरी ताणावी, बोलण्याची सैल ठेवावी.

पुण्याच्या एक ताई: म्हण आवडली, पण नियमाबद्दल शंका आहे. मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि मी पुणे ते बेळगाव अर्ध्या भाड्यातच गेले होते. मग सवलत हद्दीला थांबते, असे कसे?

सांगलीचे निवृत्त वाहक: ताई, आपले तिकीट अर्धे वाटले असेल, कारण त्या मार्गाचा बहुतेक भाग महाराष्ट्रात आहे. कागलच्या पुढे कर्नाटकातल्या अंतराचे भाडे पूर्णच लागले असणार. जुने तिकीट सापडल्यास पाहावे. ऑगस्ट 2022 पासूनची पंचाहत्तरी पार केलेल्यांची मोफत सवलतही अशीच हद्दीपुरती आहे. शून्य रुपयांचे असले तरी ते तिकीट देणे वाहकाला बंधनकारक असते, कारण मार्गात तपासणी झाली आणि प्रवासी तिकिटाविना सापडला, तर आधी वाहकालाच जाब विचारला जातो. वाहक तिकिटासाठी अडून बसतो, त्यामागे पुष्कळदा हे भय असते. प्रवाशाला तो उद्धटपणा वाटतो.

नाशिकचे एक गृहस्थ: तिकिटामागच्या बाकीचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. माझे पासष्ट रुपये असेच लिहिलेले राहिले आणि मी उतरताना विसरलो. दुसऱ्या दिवशी स्थानकावर विचारले, तेव्हा तो वाहक दुसऱ्या फेरीवर गेला होता. हे पैसे कोणाकडे मागावेत?

सांगलीचे निवृत्त वाहक: ते तिकीट जपून ठेवा. त्यावर गाडीची आणि वेळेची नोंद असते. ते घेऊन आगारात वाहतूक नियंत्रकांना भेटा. पैसे मिळतीलच, असे मी म्हणणार नाही.

चिपळूणचा एक विद्यार्थी: धागाकर्त्या ताईंची म्हण मला अर्धीच पटते. बोलणे सैल ठेवले म्हणून ते आजोबा वळले, असे नाही. सर्वांसमोर झालेला जुना अपमान त्यांना सांगता आला, म्हणून ते वळले. गाडी थांबवून वाहकाने त्यांना तेवढा वेळ दिला. मागे दोन गाड्या खोळंबल्या असत्या तर तो देता आला असता का?

धागाकर्ती: नसता आला, कदाचित. गाडी जेमतेम पाच मिनिटे थांबली होती, तरी दोघेतिघे कुरकुरत होते. सांगलीच्या काकांना विचारते: आजोबांनी शेवटपर्यंत नकार दिला असता, तर आपण काय केले असते?

सांगलीचे निवृत्त वाहक: माझ्या नोकरीत असे एकदाच घडले. मी त्या गृहस्थांना उतरवले, पण रस्त्यात नव्हे, शेड असलेल्या थांब्यावर, आणि मागून येणाऱ्या गाडीची वेळ सांगून. नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो. दोनदा घंटी वाजवून गाडी सोडली, तेव्हा ते छत्री न उघडता शेडबाहेरच उभे होते. त्यांना आत जाऊन बसा, एवढेही मी म्हणालो नाही.