मदत हवी आहे: निवृत्तीच्या भेटीबद्दल सगळ्या शाखेला आभाराची चिठ्ठी कशी लिहू?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. ३१ जानेवारीला बँकेतून निवृत्त झालो, मुख्य रोखपाल होतो. शाखेने वर्गणी काढून ८ × ४२ ची दुर्बीण दिली. मी रविवारी मायणीच्या तलावावर पक्षी बघायला जातो, हे त्यांनी लक्षात ठेवलं. सत्काराच्या वेळी घसा दाटून आला, दोन वाक्यांत बसलो. म्हणून आता चिठ्ठी लिहून सूचनाफलकावर लावायची आहे. मसुदा असा:

"माझ्या सेवानिवृत्तीनिमित्त आपण सर्वांनी दिलेल्या अमूल्य भेटवस्तूबद्दल मी आपला शतशः ऋणी आहे. सेवाकाळात कळत नकळत कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व. असाच लोभ असावा ही विनंती."

बायको म्हणते, हे कर्ज मंजुरीच्या पत्रासारखं वाटतं. शिवाय अडचणी दोन. वर्गणी बदलून गेलेल्या दोघांनीही दिली, सुरक्षारक्षक कंत्राटी असून त्यानेही दिली. नावं घालू का? आणि व्यवस्थापक मॅडम बिहारच्या, त्यांना मराठी समजतं पण वाचायला वेळ लागतो.

पोस्टातला
नावं घालाच. सगळ्यांची, हुद्द्याप्रमाणे. नाहीतर लोक बोलत नाहीत पण मनात ठेवतात.

निमाताई
मला सहा वर्षांपूर्वी निरोपाला चार भिंतीवरची घड्याळं मिळाली. चारही वेगवेगळी वेळ दाखवतात. आभार कसले मानायचे? तुम्ही नशीबवान.

सुहास_क
भाषण छोटंच ठेवा काका. सुरुवात एखाद्या कवितेच्या ओळीने करा, टाळ्या मिळतात.

येरळाकाठ
सुहासराव, भाषण होऊन गेलं. चिठ्ठी हवी आहे.

जुनी_टंकलेखिका
३० वर्षं साहेबांची पत्रं टंकली, त्यात असल्या चिठ्ठ्याही खूप आल्या. तुमच्या मसुद्यात दुर्बीण कुठे आहे? "अमूल्य भेटवस्तू" म्हणजे शाल-श्रीफळ असो की मिक्सर, तेच वाक्य चालतं. ज्यांनी डोकं लढवून वस्तू निवडली त्यांना वाटतं, याने खोका तरी उघडला का?

क्षमस्व काढा. ते निरोपाच्या भाषणात ठीक. भेटीच्या चिठ्ठीत ते आलं की वाचणारा आठवू लागतो, याने कोणाला दुखावलं बरं.

नावांचं पोस्टातल्या भाऊंचं निम्मं बरोबर. लोक मनात ठेवतात, पण यादी केली की एक नाव सुटतंच, आणि हुद्द्याप्रमाणे लावली तर सुरक्षारक्षक तळाला जातो. शिवाय ती वर्गणीची यादी वाटते, ज्याने दिली नाही तो उघडा पडतो. वर "शाखेतल्या सगळ्यांना" लिहा, बदलून गेलेल्या दोघांना फोन करा. नाव घालायचंच तर एखाद्याने वेगळं काही केलं असेल तिथे, ते काम सांगून. किंमतीचा उल्लेख नको, "एवढा खर्च कशाला" हेसुद्धा नको.

आणि घाई करू नका. एकदा दुर्बीण घेऊन तलावावर जा, मग लिहा. आठवडाभराने आलेली चिठ्ठी उशिराची वाटत नाही, महिन्याने आलेली वाटते.

पोस्टातला
आमच्याकडे यादी करत. कोणी रुसलं नाही. असो.

येरळाकाठ
ताई, काल जाऊन आलो. हे बघा:

"शाखेतल्या सगळ्यांना,
रविवारी तुमची दुर्बीण घेऊन मायणीला गेलो. पहिली दहा मिनिटं काळं वर्तुळच दिसलं. मग आठवलं, चष्मा असला की डोळ्यांजवळचे रबरी कप आत फिरवायचे, हे आपल्या सुरक्षारक्षकाने निरोपाच्या दिवशीच दाखवलं होतं. फिरवले आणि समोर चक्रवाकाची जोडी. इतकी वर्षं तो मला लांबचा केशरी ठिपका होता. काल त्याच्या पंखावरचा पांढरा पट्टा दिसला.
मला काय हवं ते तुम्ही मला न विचारता ओळखलंत. मनापासून आभार.
रविवारी सकाळी सहाला बसस्टँडवर असतो. ज्याला यायचं त्याने यावं, दुर्बीण आळीपाळीने."

सुरक्षारक्षकाचं नाव मूळ चिठ्ठीत आहे, इथे काढलंय.

जुनी_टंकलेखिका
छान. "काल" मात्र बदला. फलकावर चिठ्ठी आठवडाभर राहते, रोज वाचणाऱ्याला "काल" खोटा पडतो. "त्या दिवशी" करा. आणि हाताने लिहा.

निमाताई
हाताने कशाला, शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. फलक कोण वाचतं आता?

येरळाकाठ
ग्रुपमधून मला १ तारखेलाच काढलं, नियमाप्रमाणे. फलकच बरा. मॅडमसाठी खाली हिंदीत दोन ओळी लिहू, की जाऊन वाचून दाखवू?

जुनी_टंकलेखिका
मी असते तर वाचून दाखवलं असतं.

पोस्टातला
हिंदीत लिहा. तुम्ही वाचायला बसलात की पुन्हा घसा दाटणार.